जहाज दहापट काटकसरी, पण मेहुण्याचा हिशेब अर्धाच

प्रश्न: एक टन माल एक किलोमीटर न्यायला कंटेनर जहाज, रेल्वे आणि ट्रक यांना किती इंधन लागतं? जहाज ट्रकपेक्षा खरंच दहापट काटकसरी आहे का?

आहे. पण हा आकडा मला तोंडावर फेकून मारलेला आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

मी जालन्यात ट्रेलर चालवायचो, स्वतःचे दोन. मेहुणा मुंबईत जहाजाच्या एजंटाकडे कामाला. एका दिवाळीत जेवता जेवता म्हणाला, "दाजी, तुमचा ट्रेलर डिझेल पितो. आमचं जहाज बघा, दहा पटीनं कमी!" पंगतीत सगळे हसले. मी उठून डायरी आणली.

डायरीत एक फेरी होती: वीस टन सोयापेंड, चाळीस फुटी कंटेनर, जालना ते न्हावा शेवा धरा चारशे किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला तीन किलोमीटर जायची, म्हणजे 133 लिटर. येताना रिकामा डबा घेऊन घाट चढायचा, तरी लिटरला साडेचार पडायचे, ते 89. एकूण 222 लिटर. माल फक्त जाताना होता, म्हणून भागायचं वीस टन गुणिले चारशे किलोमीटर, म्हणजे 8000 टन-किलोमीटरनं. एका टन-किलोमीटरला 28 मिलीलिटर डिझेल, म्हणजे साधारण 1 मेगाज्यूल उष्णता. नुसतं जाण्याचं धरलं तर 17 मिलीलिटर येतात, आणि आमच्या धंद्यातले बरेच जण तेवढंच सांगतात. परतीचं डिझेल काय देव भरतो?

मग मेहुण्याला म्हटलं, आता तुझं सांग. त्याचं जहाज वीस फुटी आठ हजार डब्यांचं. सत्तर टक्के भरलेलं, डब्याला सरासरी दहा टन, म्हणजे 56 हजार टन माल. अठरा नॉटच्या वेगानं दिवसाला 800 किलोमीटर, आणि इंधन रोजचं साधारण शंभर टन. त्या तेलाची उष्णता डिझेलमध्ये मोजली तर टन-किलोमीटरला अडीच मिलीलिटर येतात. माझ्या आकड्याचा अकरावा हिस्सा. इथपर्यंत तो बरोबर, मी मान खाली घातली.

पण मग विचारलं, माझी पेंड रॉटरडॅमला जाते, त्याला किती लागतं? सुएझमार्गे साधारण बारा हजार किलोमीटर. वीस टनांना 600 लिटर. म्हणजे एकूण वाटेच्या तीन टक्के असलेल्या माझ्या चारशे किलोमीटरनं पाव हिस्स्याहून जास्त इंधन खाल्लं. ही माझी लाजही आहे अन् त्याच्या बोलण्यातली चूकही. जहाज ट्रकच्या जागी येतच नाही. जालन्याला समुद्र कुठाय?

आणखी एक मेख. 2023च्या अखेरीपासून लाल समुद्रात हल्ले सुरू झाले अन् जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. बारा हजाराचे वीस हजार किलोमीटर झाले. टन-किलोमीटरचा आकडा तोच अडीच, कारण भागाकारात अंतरही वाढलं. पण त्या वाटेनं डबा 600च्या जागी 1000 लिटर पितो. वळशाचे दिवस भरून काढायला वेग वाढवला तर आणखी. चोवीस नॉटला तेच जहाज दिवसाला सव्वादोनशे टनांच्या आसपास जाळतं, अन् टन-किलोमीटरचा आकडा दीडपटीहून वर जातो.

रेल्वेचं राहिलंच. डिझेल इंजिनाला सपाटीवर हजार टन वजन एक किलोमीटर ओढायला ढोबळ अडीच लिटर धरा. पण ओढायचा फक्त माल नसतो. वीस टन पेंडीमागे चार टनांचा डबा आणि एकोणीस टनांची वाघीण, एकूण 43 टन. त्याच चारशे किलोमीटरला जाताना 43 लिटर, रिकामं परत येताना 23. मिळून 66, म्हणजे टन-किलोमीटरला आठ मिलीलिटर, ट्रकच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. घाट चढायला मागून जोडायचं इंजिन आणि दोन्ही टोकांचे ट्रक धरले तरी फेरी शंभर लिटरच्या आत बसते. विजेवरची गाडी मोजायची तर औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होतो, हे धरून मोजा; नुसते युनिट पाहून रेल्वेला डोक्यावर घेऊ नका.

मग रेल्वेनं कामून पाठवत नाही? एकदा पाठवलं. रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरायची वाट बघत डबा नऊ दिवस पडून राहिला, बंदराचा कट-ऑफ, म्हणजे डबा पोचवायची शेवटची मुदत, चुकायची पाळी आली. शेवटी उचलून माझ्याच ट्रेलरवर टाकला. त्या फेरीचं डिझेल कुठल्याच तक्त्यात रेल्वेच्या नावावर लिहिलं जात नाही.

माझ्या गाड्या जुन्या होत्या, हे सांगायचं राहिलं. आता बऱ्या येतात. आणि परतीला आयातीचा माल मिळाला तर ट्रकचा आकडा 17च्या जवळ येतो. म्हणून तुम्हाला कुणी टन-किलोमीटरचा आकडा दिला तर आधी विचारा, परतीचा रिकामा डबा कुणाच्या खात्यावर आहे. मेहुण्याला हेच त्या दिवशी विचारलं होतं. तो म्हणाला, "दाजी, बासुंदी घ्या."