गणपतीत खाणावळ बंद, पण नकाशावर उघडी

*देवगडजवळ आमची खाणावळ आहे. सोमवारी सुट्टी असते, आणि गणपतीत सहा दिवस बंद ठेवतो. वेबसाइटवर मोठी सूचना लावली तरी लोक गाडी घेऊन दारात येतात आणि म्हणतात, गुगलवर उघडं दाखवतंय. मागच्या वर्षी तर कोणीतरी 'कायमचं बंद' असंच कळवलं. नेमकं कुठे काय लिहायचं?*

गुहागरला आमचीही खाणावळ आहे, आणि आसपासच्या चार-पाच जणांच्या वेबसाइट मीच सांभाळतो. त्यामुळे हा घोळ दर भाद्रपदात बघतो.

कोल्हापूरहून निघालेला माणूस तुमची वेबसाइट उघडतच नाही. तो नकाशात 'जेवण' शोधतो, हिरव्या अक्षरात Open दिसलं की गाडी वळवतो. ती वेळ येते तुमच्या गुगल बिझनेस प्रोफाइलमधून. म्हणून पहिलं काम तिथे, वेबसाइट नंतर. 'कायमचं बंद' हे बहुधा कोणी वैराने केलेलं नसतं. नकाशा उघडं म्हणतो, दाराला कुलूप, वर भर उन्हात पोरंबाळं उपाशी. मग तो माणूस तिथेच उभा राहून कळवून टाकतो. अशा दोन-चार सूचना गेल्या की गुगल स्वतःहून माहिती बदलू शकतं. त्यामुळे सणाच्या दिवसांत प्रोफाइल रोज एकदा उघडून बघा, कोणी वेळ बदललेली दिसली तर आपली खरी वेळ परत घाला.

आता २०२६ चंच उदाहरण घेऊ. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. समजा तुम्ही १४ ते १९ बंद ठेवणार आणि रविवारी २० ला पुन्हा चूल पेटवणार. बरेच जण अशा वेळी नेहमीच्या वेळाच बदलून सगळे वार बंद करतात, आणि मग पूर्ववत करायचं राहून जातं. नेहमीच्या वेळांना हातच लावू नका. प्रोफाइलमध्ये Special hours आहे, तिथे सहाही तारखा एकेक करून बंद म्हणून भरा. १४ ला सोमवार, म्हणजे सुट्टी आहेच, तरी तीही भरा. सण आला की नकाशा वेळेखाली 'सणामुळे वेळ बदलू शकते' अशी टीप टाकतो, आणि तुम्ही तारीख स्वतः भरली की गिऱ्हाइकाला ठाम उत्तर मिळतं.

खरी गंमत २१ तारखेला आहे. तुम्ही '२० पासून सुरू' म्हणालात, आणि दुसऱ्याच दिवशी सोमवारची सुट्टी! अनंत चतुर्दशी २५ ला आहे, तोवर चाकरमानी गावातच असतात, म्हणून मी तरी तो सोमवार उघडा ठेवतो. तुम्हीही ठेवणार असाल तर २१ साठी वेगळी वेळ भरावी लागेल, नाहीतर नकाशा नेहमीप्रमाणे बंदच दाखवणार. इथे एक खड्डा आहे. खास वेळ भरली की त्या दिवसाची नेहमीची वेळ पूर्ण बाजूला पडते. तुमच्याकडे दुपारी १२ ते ३ आणि रात्री ७:३० ते १० असं दोनदा जेवण असेल आणि तुम्ही फक्त दुपार भरलीत, तर रात्री नकाशा तुम्हाला बंदच दाखवील. दोन्ही वेळा भरा.

सहा दिवसांपर्यंत हे चालतं. सलग सात किंवा जास्त दिवस बंद असाल तर गुगलचं सांगणं आहे की Temporarily closed करावं. पावसाळ्यात बोटी बंद ठेवणाऱ्यांसाठी तेच योग्य. फक्त उघडल्यावर ते काढायला विसरायचं नाही. आमच्या ओळखीच्या एकाने ते काढलंच नव्हतं, दिवाळीला पाहुणे का येत नाहीत म्हणून महिनाभर डोकं खाजवत होता.

वेबसाइटवरची सूचना अशी लिहा: 'सोमवार १४ सप्टेंबर ते शनिवार १९ सप्टेंबर २०२६ बंद. रविवार २० पासून दुपारी १२ वाजता सुरू.' वार, तारीख, साल, उघडण्याचा दिवस, चारही हवेत. 'गौरी-गणपती जाईपर्यंत बंद' हे आपल्याला कळतं, नाशिकच्या माणसाला तुमच्याकडचा गणपती पाच दिवसांचा की सात, हे कसं कळणार? आणि ही सूचना मोरपिसं, मोदक लावलेल्या चित्रात घालू नका, साध्या मजकुरात लिहा. चित्रातलं शोधयंत्राला नीट वाचता येईलच असं नाही, आंधळ्या माणसाच्या फोनला तर बहुधा नाहीच, आणि साल नसेल तर तेच चित्र पुढच्या वर्षी व्हॉट्सअॅपवर पुन्हा फिरतं.

माझी एक चूक सांगतो. एका वर्षी मी मुखपृष्ठाच्या शीर्षकातच 'गणपतीनिमित्त बंद' घातलं. सण संपल्यावर लगेच काढलं, पण शोधात बरेच दिवस तेच दिसत राहिलं. गुगल पान पुन्हा येऊन वाचेपर्यंत जुनाच मजकूर दाखवतं, आणि ते कधी येईल हे आपल्या हातात नसतं. तेव्हापासून शीर्षकाला आणि वर्णनाला हात लावत नाही. दर वर्षी सूचनेचं नवं पानही करत नाही, कारण मागच्या वर्षीचं पान शोधात वर येऊन बसतं. वेळांचं एकच पान, बारा महिने तोच पत्ता, मजकूर फक्त बदलायचा.

वेबसाइट बनवणाऱ्याने आत शोधयंत्राला वेळा कळाव्यात म्हणून schema चा कोड घातला असेल तर त्याच्या openingHoursSpecification या यादीत, नेहमीच्या वेळांच्या खाली, एवढी एक नोंद टाकायला सांगा:

```json
{
  "@type": "OpeningHoursSpecification",
  "opens": "00:00",
  "closes": "00:00",
  "validFrom": "2026-09-14",
  "validThrough": "2026-09-19"
}
```

उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ दोन्ही 00:00 म्हणजे दिवसभर बंद. बारा वाजल्यापासून उघडं असा अर्थ काढून कोणी 23:59 करून ठेवतो, मग अख्खा दिवस उघडे दिसता! कोडमधल्या तारखा आणि पानावर दिसणाऱ्या तारखा एकच हव्यात. पण या कोडने नकाशा लगेच बदलेल अशी आशा धरू नका, प्रोफाइल भरणं चुकत नाही.

श्रावणात मासे नाहीत, गणपतीत फक्त शाकाहारी, हे वेळेच्या रकान्यात कोंबू नका. ते सूचनेत किंवा मेनूत लिहा.

सगळं भरून झालं की दुसऱ्याच्या फोनवरून, तुमच्या खात्याने लॉगिन न करता, नकाशात खाणावळीचं नाव शोधा आणि आठवड्याची वेळ उघडून बघा. मी आठवडाभर आधी भरतो आणि चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी पुतण्याच्या फोनवर पुन्हा बघतो. हमरस्त्याच्या फाट्यावर तुमची पाटी असेल तर तिच्यावरही तेवढ्या दिवसांसाठी तारखांचा कागद चिकटवा. जिथे रेंज नसते तिथे माणूस नकाशा नाही, पाटीच वाचतो.