बटरची वडी आधी मोज

"आई, आपल्याकडे कोणी आलं की पावभाजीच का करतात, आणि आजी तीनतीनदा बटर का घालते? माझ्या ॲपमध्ये एका प्लेटच्या चारशे कॅलरी दाखवतात आणि बाबा म्हणतात आठशे. नक्की किती?"

मनू,

तुझा मेसेज काल रात्री ड्युटीवरून आल्यावर वाचला, मस्कतला तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि मी फ्रीजमधली थंड इडली खात होते, त्यामुळे तव्याचा फोटो बघून जे व्हायचं तेच झालं. असो. ॲप पण बरोबर आहे आणि बाबा पण. कसं ते सांगते.

आधी बटर नसलेली पावभाजी मोजू. आजी चौघांसाठी करते तेव्हा साधारण ४०० ग्रॅम बटाटे, पाव किलो फ्लॉवर, वाटीभर मटार म्हणजे १५० ग्रॅम, ४०० ग्रॅम टोमॅटो, दोन मोठे कांदे आणि एक सिमला मिरची घेते. यात बटाट्याच्या सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी, मटारच्या सव्वाशे, आणि फ्लॉवर, टोमॅटो, कांदा, मिरची सगळं मिळून अडीचशेच्या आत. म्हणजे अख्ख्या पातेल्याच्या ६८० धर, चार प्लेटमध्ये वाटलं की एकीला १७०. एवढीच असते भाजी! कोपऱ्यावरच्या बेकरीच्या लादीतला एक पाव ४० ग्रॅमचा, त्याच्या ११० कॅलरी, दोन पावांच्या २२०. झाले ३९०. हेच तुझ्या ॲपचे चारशे. आणि भाजी मॅश केल्याने कॅलरी वाढत नाहीत हं, मागे तू विचारलं होतंस. मॅशरने बटाटा फुटतो, त्याचा स्टार्च बाहेर येऊन भाजी दाट होते बस.

पण मॅशमुळे एक गोष्ट होते, बटर दिसेनासं होतं. फोडींच्या भाजीत तेल जास्त झालं की वर तवंग येतो, आपल्याला लगेच कळतं. मॅश केलेल्या भाजीत ते बटाट्याच्या लगद्यात मुरतं आणि वरून फक्त थोडी चमक दिसते, कडेला सुटायला लागेपर्यंत २५ ग्रॅम गेलं की ५ ग्रॅम हे डोळ्याला सांगता येत नाही. आजीला विचार, ती म्हणेल "थोडंसंच घातलंय गं".

आता तुझी ती मोजामोज. तू चार पाव भाजायच्या आधी वजन केलेस, १६० ग्रॅम, भाजल्यावर १७८, आणि लिहिलंस की चार पावांना मिळून १८ ग्रॅमच बटर लागलं. डोकं छान चालवलंस पण इथेच गल्लत आहे, कारण गरम तव्यावर पावातलं पाणी उडतं, म्हणूनच तर तो कुरकुरीत होतो. बटरमध्ये पण पाणी असतं, १०० ग्रॅममध्ये साधारण १६ ग्रॅम, तव्यावर टाकल्या टाकल्या जे चुर्रर्र होतं ना तो त्या पाण्याचा आवाज. पाणी उडून जातं, फॅट उडत नाही, आणि बटरच्या कॅलरी जवळजवळ सगळ्या त्या फॅटमधेच असतात. म्हणजे एकीकडे बटर आत जातंय आणि दुसरीकडे पाणी बाहेर पडतंय, तुझ्या काट्याला फक्त दोन्हीमधला फरक दिसला. तव्यावर थोडं राहिलं असं म्हणशील तर ते पुढचा पाव पुसून नेतो.

म्हणून पाव नको मोजू, बटरची वडी मोज. आधी किती, नंतर किती. बाबांना मी तेच करायला लावलं होतं. अर्ध्या किलोची नवी वडी होती, जेवणं झाल्यावर २८० ग्रॅम उरली. म्हणजे चौघांनी २२० ग्रॅम संपवलं (मुद्दाम अंदाजाने नाही सांगत, काट्याचा फोटो आहे माझ्याकडे). त्यातलं १०० भाजीत, आठ पावांना ८०, आणि वरून प्रत्येकाच्या प्लेटमध्ये १० ग्रॅमचा तुकडा असे ४०. प्रत्येकाच्या वाट्याला ५५ ग्रॅम. अमूलच्या पाकिटावर मागे १०० ग्रॅमला ७२२ kcal लिहिलंय, ते kcal म्हणजेच आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो ती. तर ५५ ग्रॅमच्या झाल्या ३९७.

आता बेरीज कर, ३९० आणि ३९७. हे बाबांचे आठशे. अर्धी प्लेट भाजी-पावाची, अर्धी नुसत्या बटरची.

तीनतीनदा का, तर तिन्ही वेळचं काम वेगळं आहे. पहिलं तव्यावर कांदा-मसाला परतताना, कारण पावभाजी मसाल्याचा रंग आणि वास फॅटमध्ये चांगला सुटतो. दुसरं पावाला. आणि तिसरं वरून, ते मात्र मला वाटतं वरणभातावरच्या तुपातून आलंय. आपल्याकडे पान वाढलं की वरून तूप पडल्याशिवाय वाढून झालं असं कोणालाच वाटत नाही, आजीचा हात तिथे आपोआप जातो. पावभाजी मुळात मुंबईची, गिरणी कामगारांसाठी रात्री पटकन होणारं खाणं म्हणून सुरू झाली असं सांगतात, पण इंदूरच्या मराठी घरात ती पाहुण्यांची झाली कारण वीस माणसं आली तरी एकाच पातेल्यात भागतं आणि पोळ्या लाटायला लागत नाहीत. खरं कारण हेच, बाकी कौतुक आहे.

चव सगळ्यात जास्त कळते ती वरच्या तुकड्याची, कारण तो थेट जिभेवर येतो. सगळ्यात कमी कळतं ते भाजीत मुरलेलं. म्हणून मी इथे एकटीसाठी करते तेव्हा भाजीत २५ च्या ऐवजी ८ ग्रॅम घालते, वरचा १० ग्रॅमचा तुकडा तसाच, आणि पाव फक्त आतल्या बाजूने भाजते, एकाला ५ ग्रॅम. सगळं मिळून २८ ग्रॅम, प्लेट सहाशेच्या आत येते. आजीच्या हातची चव येत नाही, खोटं कशाला बोलू, पण सत्तर टक्के येते.

इंदूरच्या सराफ्यातल्या ठेल्यांवर हे गणित चालणार नाही. तिथे उकडलेल्या भाजीचा ढीग तव्याच्या कडेला असतो आणि प्रत्येक ऑर्डरला थोडी भाजी मधे ओढून नवीन बटर पडतं, किती ते ठेलेवाल्याच्या हातावर. तिथे जाशील तेव्हा खा, मोजत बसू नको.

आणि "घे गं अजून एक" म्हणत तिसरा पाव वाढला जातो तो बाबांच्या आठशेमध्ये नाहीये. तो बटरसकट १८२.

रविवारी सुमाकाकू येणार आहेत ना? आजी बटर काढायच्या आधी वडी काट्यावर ठेव आणि आकडा मला पाठव, नंतरचा पण. आजीला सांगून कर, चोरून नको, नाहीतर ती चिडेल आणि मग मलाच फोन येईल.

आई