छातीत दुखत नाही, तरी ईसीजी आत्ताच

प्रश्न: आई ५८ वर्षांची आहे, मधुमेह १५ वर्षांपासून. आज रात्री जेवल्यावर तासाभरात दरदरून घाम सुटला, मळमळतंय, जबड्यात आणि पाठीत वर खांद्यांच्या मधे कसंतरी होतंय म्हणते. छातीत दुखत नाही. शुगर २१४ आली. पित्ताची गोळी दिली, थोडं बरं वाटतंय. कोल्हापुरातच आहोत. सकाळी फॅमिली डॉक्टरांना दाखवलं तर चालेल का?

उत्तर:

नाही चालणार. आधी १०८ ला फोन लावा, बाकीचं गाडीची वाट बघताना वाचा. ‘मधुमेह आहे, घाम, मळमळ, जबडा आणि पाठ, हार्ट अटॅकची शंका आहे’ एवढंच सांगा. आईंना जिना उतरायला लावू नका, खुर्चीत बसवून दोघांनी खाली आणा. गाडीला वेळ लागणार असेल तर रिक्षा किंवा शेजाऱ्यांची कार चालेल, पण गाडी दुसऱ्याने चालवावी, तुम्ही आईंजवळ बसा. सीपीआरला, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्यात न्या, नाहीतर रात्री कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, चालू असणाऱ्या जवळच्या खासगी हॉस्पिटलात. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये पित्ताचं इंजेक्शन घ्यायला मधे थांबू नका.

आता कारण सांगतो. मी इथेच कॅज्युअल्टीत काम करणारा डॉक्टर आहे आणि हे असं चित्र आमच्याकडे नेहमी येतं.

हृदयाला रक्त कमी पडलं की त्याची तक्रार बारीक मज्जातंतूंमधून वर जाते. बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की पायाची बोटं बधिर होतात, हे सगळ्यांना माहीत असतं. तसेच हृदयाकडून निघणारे तंतूही खराब होतात. मग छातीतली ती ठरावीक कळ येतच नाही, किंवा इतकी मंद येते की बाई तिला ‘दुखणं’ म्हणत नाही. उरलेली तक्रार मणक्यात ज्या पातळीवर पोचते, तिथेच जबडा, मान, हात आणि पाठीचा वरचा भाग यांचे तंतूही येतात. मेंदूला उगम नेमका कळत नाही, म्हणून तो जबडा आणि पाठ सांगतो. घाम आणि मळमळ या शरीराच्या आपोआप होणाऱ्या प्रतिक्रिया आहेत, त्यांना दुखण्याची गरज नसते. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक असेल तर मळमळ आणि उलटी जास्त दिसते, आणि नेमका तोच अटॅक पित्त म्हणून खपून जातो.

बायकांमध्येही छातीतली अस्वस्थता हेच सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण आहे, हे खरं. पण ‘छातीत दुखतंय का?’ असं विचारलं की बऱ्याचजणी प्रामाणिकपणे नाही म्हणतात. आईंना विचारून बघा, छातीत जड, भरल्यासारखं किंवा कुणी दाबून धरल्यासारखं वाटतंय का. उत्तर हो आलं तर ते हॉस्पिटलात सांगा. नाही आलं तरी निघायचंच आहे.

शुगरचं बोलतो, कारण तुमच्या प्रश्नातला तो आकडा फार कामाचा आहे. मधुमेही माणसाला घाम सुटला की घरचे आधी ‘शुगर उतरली’ म्हणतात आणि साखरपाणी देतात. शुगर ७० च्या खाली असेल तर ते बरोबरच आहे. तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. पण तुमच्याकडे २१४ आली आहे. म्हणजे हा घाम शुगर उतरल्याचा नाही, आणि एवढा घाम येण्याचं दुसरं साधं कारण घरात बसून सापडणार नाही. उलट, अटॅकच्या ताणाने शरीरात जी संप्रेरकं सुटतात ती शुगर वाढवतात. म्हणून ‘शुगर वाढली, त्यानेच होतंय’ असं समजून जादा इन्शुलिन टोचू नका.

आणि गोळीने बरं वाटलं, याचा काही उपयोग नाही. अटॅकमध्ये रक्ताची गाठ थोडी सुटते, पुन्हा बसते, तसा त्रास कमी-जास्त होत राहतो. ज्या वेळी तो कमी होतो, त्याच्या जरा आधी जी गोळी घेतलेली असते तिला श्रेय मिळतं.

घरी देण्यासारखं औषध एकच, ॲस्पिरिन. साधारण ३०० मिलिग्रॅम, चावून खायची. डिस्प्रिनची एक गोळी चालते. घरात ७५ ची इकोस्प्रिन असेल तर चार गोळ्या चावायच्या, कारण तिच्यावर आवरण असतं आणि नुसती गिळली तर ती उशिरा विरघळते. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, तिने दमा उसळत असेल, रक्ताची उलटी किंवा काळी शी होत असेल, पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर देऊ नका. पाठीतली कळ एकदम फाडल्यासारखी असेल तरी देऊ नका, तिथे महाधमनी फाटलेली असू शकते. शंका असेल तर १०८ वरच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

सॉर्बिट्रेट ही हृदयाच्या दुखण्यावरची गोळी मात्र जिभेखाली ठेवू नका. यावर लोक माझ्याशी भांडतात, कारण आपल्याकडे प्रत्येक गल्लीत कुणा ना कुणा आजोबांच्या खिशात ती गोळी असते आणि ती देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. म्हणून एक केस सांगतो, ओळख पटू नये इतकी बदलून.

करवीर तालुक्यातल्या एका गावच्या मावशी, वय साठीच्या आत, मधुमेह जुना. पहाटे पाचला म्हशीची धार काढायला बसल्या आणि घामाने चोळी भिजली. दोनदा ओकारी आली, एकदा उलटी. जबडा दोन्ही बाजूंनी जड, पाठीत खांद्यांच्या मधे ओझं. सून म्हणाली, “आत्ती, काल रस्सा जास्त झाला.” सोडा झाला, मग पाठीला बाम. सातला शुगर मोजली तर २६८. गावातल्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन झालं, तासभर बरं वाटलं. नऊला पुन्हा घाम आला तेव्हा शेजारच्या आजोबांनी सॉर्बिट्रेट दिली, आणि गाडीत मावशींना भोवळ आली. आमच्याकडे साडेनऊला पोचल्या तेव्हा नाडी ४६ आणि बीपी ८४ वर ५०. मला म्हणाल्या, “छातीत काय नाही ओ डॉक्टर, नुसतं पित्त हाय.”

पहिला ईसीजी आल्या आल्या काढला. फरक अगदी बारीक होता, घाईत बघितला तर नॉर्मल म्हणून सुटला असता. पंधरा मिनिटांनी दुसरा काढला आणि त्यात खालच्या भिंतीचा अटॅक स्पष्ट झाला. मग छातीच्या उजव्या बाजूला पट्ट्या लावून पुन्हा बघितलं, तर उजवा कप्पाही अडकलेला. हा उजवा कप्पा बिघडला की शिरांमधून परत येणाऱ्या रक्तावरच त्याचं काम कसंबसं चालतं. सॉर्बिट्रेट शिरा सैल करते, परत येणारं रक्त कमी होतं आणि बीपी कोसळतं. मावशींना सलाईन जपून देऊन बीपी १०० वर आणलं आणि मग अँजिओप्लास्टी झाली. उजवी धमनी पूर्ण बंद होती. मावशी वाचल्या, पण सकाळचे ते साडेचार तास हृदयाच्या स्नायूने सोसले आणि पंपिंग कायमचं थोडं कमी झालं.

ज्यांना स्वतःच्या डॉक्टरांनी ती गोळी लिहून दिली आहे त्यांची गोष्ट वेगळी. पण तुमच्या आईंचं चित्र या मावशींसारखंच आहे, आणि कुठल्या भिंतीला त्रास आहे ते ईसीजीशिवाय मलाही कळणार नाही.

हॉस्पिटलात पोचल्यावर केसपेपरच्या रांगेत उभे राहू नका. सरळ कॅज्युअल्टीच्या टेबलापाशी जाऊन म्हणा, ‘मधुमेहाची पेशंट, अटॅकची शंका, ईसीजी काढा.’ पोचल्यापासून १० मिनिटांत तो निघायला हवा. पहिला नॉर्मल आला आणि त्रास चालूच असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी परत काढायला सांगा. आम्हाला असं सांगितलेलं आवडत नाही असं लोकांना वाटतं, पण धावपळीत ते उपयोगीच पडतं. ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी होईल. स्नायूला इजा झाल्यावर ते रक्तात चढायला काही तास लागतात, म्हणून लवकर केलेली एकच तपासणी नॉर्मल आली तर घरी जायचं नाही, काही तासांनी दुसरी होऊ द्या. पेपरवर त्रास सुरू झाल्याची वेळ नक्की लिहून घ्या. धमनी पूर्ण बंद असेल तर अँजिओप्लास्टी लगेच, आणि ती दोन तासांत होण्यासारखी नसेल तर गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन, हा निर्णय त्या वेळेवर बराच अवलंबून असतो.

वाटेत आई बेशुद्ध पडल्या आणि श्वास थांबला, किंवा नुसते आचके यायला लागले, तर सपाट, टणक जागेवर झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत.

निघताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. त्यात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर मुद्दाम दाखवा. या गोळ्यांवर असताना शुगर २०० च्या आसपास असूनही रक्तात आम्ल साठून मळमळ, उलटी होऊ शकते. ईसीजी आणि ट्रोपोनिन दोन्ही वेळा स्वच्छ आले तर आम्ल बघायला कीटोनची तपासणी आणि पित्ताशयाची सोनोग्राफी, असा पुढचा शोध डॉक्टर घेतील. पण तो शोध ईसीजीनंतरचा. तिकडे काय निघालं ते इथे खाली लिहा, ड्युटी संपल्यावर बघतो.