ऑटो-रिप्लाय आपोआप जातो हे गिऱ्हाइकाला कुठे आणि कसं सांगावं?

प्रश्न: माझं मुलुंडला घरगुती केकचं काम आहे. पेजवर ऑटो-रिप्लाय लावलाय. तो आपोआप जातो हे लोकांना सांगायचं का? कुठे लिहायचं, आणि प्रश्नोत्तरांत काय टाकायचं?

उत्तर:

सांगा, आणि त्या रिप्लायच्या पहिल्याच ओळीत सांगा. नुसतं बायोत लिहून भागत नाही. रील बघून थेट मेसेज टाकणारा माणूस बायो उघडतच नाही.

मी दादरला उकडीचे मोदक करून देते. माझा रिप्लाय होता, "धन्यवाद! तुमची ऑर्डर मिळाली." गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री साडेअकराला एका काकूंनी २१ मोदक सांगितले. त्यांना हे उत्तर गेलं आणि सकाळी त्यांचा मुलगा डबा घेऊन दारात उभा. मी मेसेज पाहिलाच नव्हता. घरच्या नैवेद्याचे ११ त्याला दिले, तरी १० कमी पडले. काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. 'मिळाली' म्हणजे 'घेतली' असंच कोणीही समजेल.

आता माझी ओळ अशी आहे: "हे उत्तर आपोआप आलं आहे. तुमचा मेसेज मी स्वतः सकाळी १० ते रात्री ८ या वेळेत वाचेन. रक्कम आणि वेळ मी लिहून कळवेपर्यंत ऑर्डर पक्की नाही, तोवर पैसे पाठवू नका." शेवटचं वाक्य कधीही गाळू नका, सगळा घोटाळा तिथेच होतो.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरत असाल तर एक खाचखळगा आहे. तिथला ग्रीटिंग मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा १४ दिवस काहीच बोलणं न झालेल्यालाच जातो. म्हणजे दर आठवड्याला मागवणाऱ्या गिऱ्हाइकाला तुमची ओळ दिसतच नाही. म्हणून तीच ओळ रात्रीच्या अवे मेसेजमध्येही घाला.

प्रश्नोत्तरं इन्स्टाच्या हायलाइटमध्ये ठेवा, आणि प्रश्न तुमच्याच इनबॉक्समधून उचला. माझ्याकडे तीनच आहेत: उत्तर कोण देतंय, ऑर्डर पक्की झाल्याचं कसं कळेल, आणि आजच हवं असेल तर काय करायचं. तिसऱ्याचं उत्तर सरळ 'फोन करा' असं आहे, कारण घाईतल्या माणसाला ऑटो-रिप्लायचा काही उपयोग नसतो.

तुमच्या केकसाठी मी चौथा प्रश्न नक्की घालेन, अंड्याचा आणि सुक्यामेव्याचा. शब्द ओळखून जाणारं उत्तर लावलं असेल तर ते 'अंडं' हा शब्द पकडतं, पण पुढचं 'चालत नाही' त्याला कळेलच असं नाही. एखाद्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असली तर हे फार महागात पडेल. तिथे स्पष्ट लिहा: "घटकांबद्दलचं उत्तर फक्त मी स्वतः देते, आपोआप आलेल्या उत्तरावर विसंबू नका." आणि त्या शब्दांवरचे ऑटो-रिप्लाय काढूनच टाका.

सगळं लावून झालं की घरातल्या दुसऱ्या फोनवरून रात्री अकरानंतर "उद्या अर्धा किलो, अंडं नको" असा मेसेज स्वतःलाच पाठवून बघा. आलेलं उत्तर वाचून ऑर्डर लागली असं वाटलं, तर ओळ अजून बदलायला हवी.