‘त्याला सोडणार नाही’ असं क्लायंट म्हणाला तर

प्रश्न: काउन्सेलरला सांगितलेलं सगळं खरंच गुप्त राहतं का? कुणी बोलता बोलता म्हणालं की अमक्याला सोडणार नाही, तर लगेच पोलिसांना फोन करतात का?

लगेच नाही करत. रागात माणूस काहीबाही बोलतो, तेवढ्यावर फोन केला तर तो परत कुणाकडेच मन मोकळं करणार नाही. पण सगळंच गुप्त राहतं असंही नाही, आणि हे पहिल्याच सेशनला सांगायला हवं, मी तरी सांगतेच.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक केस सांगते. झोप लागत नाही म्हणून आलेला शेतकरी, धाकट्या भावाशी बांधावरून वाद, मधेच म्हणाला, "एकदा त्याचा निकाल लावला की झोप लागेल." इथे विषय बदलायचा नाही, सरळ विचारायचं, निकाल लावणार म्हणजे काय करणार? कधी, कशाने, आधी हात उचललाय का, दारू किती होते. "कोर्टात खेचतो हो मॅडम" असं उत्तर आलं असतं तर ते माझ्यापाशीच राहिलं असतं. पण तो म्हणाला, कोयता गाडीच्या डिकीत आहे आणि रविवारी भाऊ मळ्यात एकटाच असतो. माणूस, हत्यार, दिवस सगळं ठरलेलं.

मग मी त्याला तिथेच सांगितलं की दादा, हे मला आता माझ्यापुरतं ठेवता येणार नाही, कुणाला बोलवू ते तुम्ही सांगा. त्याने बायकोचं नाव घेतलं. ती येईपर्यंत सुपरवायझरशी फोनवर बोलून घेतलं, बायकोने कोयता आणि गाडीची चावी ताब्यात घेतली, त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. भावालाही कळवलं, पण फक्त एवढंच की तुम्हाला धोका आहे, रविवारी मळ्यात जाऊ नका. घरातलं बाकी काही नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम २३ मध्ये हेच आहे, दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून माहिती देता येते पण गरजेपुरतीच. तो उठून निघून गेला असता तर भावाला फोन आणि ११२, दोन्ही केलं असतं.

दोन्ही का, तर १९६९ ची बर्कलेची केस बघा. प्रोसेनजित पोद्दार नावाच्या भारतीय विद्यार्थ्याने सायकॉलॉजिस्टला सांगितलं की एका मुलीला मारणार आहे. सायकॉलॉजिस्टने कॅम्पस पोलिसांना कळवलंसुद्धा, त्यांनी त्याला पकडलं, तो शहाण्यासारखा बोलला म्हणून सोडून दिलं, त्याने थेरपी बंद केली आणि तातियाना तारासॉफला किंवा तिच्या आईवडिलांना कुणीच काही सांगितलं नाही. ऑक्टोबरमध्ये त्याने तिला मारलं. १९७६ ला कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की जिच्या जिवाला धोका आहे तिला वाचवण्यासाठी योग्य ती काळजी घेणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे, म्हणजे पोलिसांना कळवलं की सुटलो असं नाही.

लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचं कळलं तर मात्र विचार करत बसायचं नसतं, पॉक्सोच्या कलम १९ नुसार कळवावंच लागतं.