एकाच गल्लीतली बेबी

“शाळेच्या स्नेहमेळाव्यात एका वर्गमैत्रिणीशी तासभर बोलल्यावर कळलं, की लहानपणी आम्ही एकाच गल्लीत राहत होतो. मला ते आठवतच नव्हतं. माझं वय 59 आहे. हा विस्मरणाचा आजार तर नाही ना?”

हे विचारणाऱ्या गृहस्थांना मी आधी ती संध्याकाळ क्रमाने सांगायला लावली. (त्यांच्या संमतीने, ओळखीच्या खुणा बदलून हे लिहीत आहे.) सुरुवातीला दोघे नववीच्या वर्गाबद्दलच बोलत होते. मग तिने घरासमोरच्या हातपंपाचा विषय काढला, जो दाबला की कर्कश किंचाळत असे. तो आवाज यांना ओळखीचा वाटला. थोड्या वेळाने आठवले, की दांडा उंच असल्यामुळे आपला हात पोहोचत नसे आणि दोन वेण्यांची एक मुलगी त्याला लोंबकळून आपली बादली भरून देई. “तिला बेबी म्हणायचे,” असे ते म्हणाले, तेव्हा तिने हातातला पेला खाली ठेवला. घरी तिला बेबीच म्हणत.

यांच्या कुटुंबाने ती गल्ली सोडली तेव्हा हे 7 वर्षांचे होते. पुढे 14व्या वर्षी वर्गात जी भेटली, ती हजेरीपटावरच्या नावाची, आडनावाने ओळखली जाणारी मुलगी होती. आठवण ज्या संदर्भात साठते, त्याच्याशी जुळणारी खूण मिळाली तर ती सहज वर येते, असे मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्व्हिंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी 1973 मध्ये मांडले होते. वर्गातल्या चेहऱ्यात गल्लीची एकही खूण नव्हती. पंपाच्या आवाजात मात्र ती होती.

खूण मिळताच आठवण सलग उलगडली, म्हणजे ती शाबूत होती. अल्झायमरच्या सुरुवातीला बहुधा ताज्या घटना आधी निसटतात आणि आठवण करून देऊनही फारसा उपयोग होत नाही. म्हणून मी त्यांना आठवड्यापूर्वीच्या त्या मेळाव्याबद्दलच विचारले: शेजारी कोण बसले होते, परतताना काय ठरले. त्यांनी सगळे नेमके सांगितले. अर्थात अशा गप्पांवरून निदान होत नाही. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, असे घरच्यांच्या लक्षात आले, तर मेंदूविकारतज्ज्ञांना भेटायलाच हवे, हेही मी सांगितले.

मला काळजी वेगळीच होती. दोघांनी मिळून आठवायला घेतले, की एकाने सांगितलेले दुसऱ्याला स्वतःचे वाटू लागते. म्हणून पुढच्या भेटीआधी दोघांनी एकमेकांना न विचारता गल्लीचा नकाशा काढावा, असे मी सुचवले. यांच्या नकाशात तिच्या घराला निळे दार होते. ते दार तिच्या नंतरच्या घराचे होते आणि त्याचा उल्लेख तिनेच मेळाव्यात केला होता. पंप मात्र दोघांच्याही कागदावर त्याच वळणावर होता.