रिपोर्टवर अंडी लिहिलंय की सिस्ट, ते आधी बघा

ताई, शाळेत जंताची गोळी घेऊनही लेकराचं पोट परत परत का दुखतं, असं तुम्ही शौचाच्या तपासणीचा रिपोर्ट आणि फोटो टाकून विचारलंत. फोटो बघून घाबरू नका, तो साधारण चारशे पट मोठा करून दाखवलेला असतो. गोल जंताचं अंडं तपकिरी, जाड कवचाचं आणि खडबडीत कडेचं दिसतं. तुमच्या फोटोत मात्र त्याहून खूप लहान, लांबट-गोल, आयोडीनमुळे पिवळसर झालेले ठिपके आहेत आणि रिपोर्टवर ‘जिआर्डिया सिस्ट’ लिहिलंय. जिआर्डिया जंत नाही, एकपेशीय जीव आहे आणि सिस्ट म्हणजे त्याची कवचातली सुप्त अवस्था. शाळेत मिळालेली जंताची एक गोळी गोल जंतावर चालते, जिआर्डियाला पुरत नाही. पोट परत परत दुखण्याचं कारण बहुधा हेच.

नवीन पालकांकडून हमखास होणाऱ्या चुका:

- मेडिकलमधून तीच गोळी पुन्हा आणणं. औषध वेगळं लागतं, तेही वजनानुसार. रिपोर्ट घेऊन बालरोगतज्ज्ञांकडेच जा.
- एकदा काही सापडलं नाही की निर्धास्त होणं. सिस्ट रोज पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावेत. नमुन्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका.
- ‘सिस्ट’ एवढाच शब्द वाचून औषध मागणं. एन्टामिबा कोलाय या दुसऱ्या एकपेशीय जीवाची सिस्ट निरुपद्रवी असते, तिला औषध लागत नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी टाकीत साठतं. जिआर्डियाची सिस्ट नेहमीच्या क्लोरीनला बरीच दाद देत नाही, म्हणून पाणी खळखळून उकळा.

शौचात रक्त, वजन घटणं, हिरवी उलटी किंवा दुखण्याने झोपमोड असेल, तर पुढच्या नमुन्याची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.